मनगटाएवढी उंची

यंदाच्या अंकाचा विषय ‘अंगण’ ठरला तेव्हा संपादकांनी माझ्याकडे एक चिठ्ठी सरकवली. ‘कुत्र्यांचं अंगण बघून या’ एवढंच त्यात होतं. चौकशी करत गेलो तर पत्ता मिळाला भूगावच्या पुढचा. मुख्य रस्ता सोडून आत वळलं की पडीक शेताचा एक तुकडा लागतो. रविवारी उजाडताच तिथे चार-सहा गाड्या आणि दोन-तीन स्कूटर येऊन थांबतात, आणि प्रत्येकीतून कुत्रा उतरतो.

अॅजिलिटी हा कुत्र्यांचा अडथळ्यांच्या शर्यतीचा खेळ मी फक्त पडद्यावर पाहिला होता. बॉर्डर कोली जातीचा कुत्रा बाणासारखा सुटतो, आडव्या दांड्यांवरून उड्या मारतो, बोगद्यातून पलीकडे निघतो, ओळीत उभ्या बारा काठ्यांमधून नागमोडी जातो. घोड्यांच्या अडथळा-शर्यती पाहून इंग्रजांनी हा खेळ रचला आणि १९७८ साली लंडनच्या क्रफ्ट्स प्रदर्शनात दोन कार्यक्रमांच्या मधला वेळ भरून काढण्यासाठी तो पहिल्यांदा करून दाखवला. भूगावातही असंच काहीतरी उड्याबिड्यांचं बघायला मिळेल, अशा समजुतीने मी कॅमेरा घेऊन गेलो होतो.

उडी काही दिसली नाही. मिरची नावाची आठ महिन्यांची तांबूस गावठी कुत्री गवतावर ठेवलेल्या पाच पिवळ्या पाइपांवरून चालत होती. पळत नव्हती, चालत होती. पाइप जमिनीला टेकलेले. शेजारी वाकून चालणारी कॉलेजातली मुलगी दर पाइपाच्या पलीकडे पनीरचा एक तुकडा गवतात टाकत होती, आणि एक आजोबा हातात कपड्यांच्या मापाची टेप घेऊन उभे होते.

“उडी कधी?” मी विचारलं.

“एक्स-रे बघितल्यावर,” वर्ग घेणाऱ्या ताई म्हणाल्या. त्या पूर्वी शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. हे त्यांनी सांगितलं नसतं तरी गळ्यातल्या शिट्टीवरून कळलं असतं.

टेप कशाला?

टेपचं काम आधी समजून घेतलं, कारण बाकी सगळं त्या मापावर उभं आहे. आजोबांनी मिरचीला सपाट जमिनीवर उभं केलं आणि तीन मापं घेतली. खांद्याची उंची ४८ सेंटिमीटर. पुढच्या पायाचं कोपर जमिनीपासून २६ सेंटिमीटरवर. त्याच पायाचं मनगट, म्हणजे पंजाच्या वर जिथे पाय पहिल्यांदा दुमडतो तो सांधा, १० सेंटिमीटरवर. वहीत तिसऱ्या आकड्याभोवती लाल गोल काढला गेला. हाडांची वाढ पूर्ण होईपर्यंत मिरचीच्या वाटेतली कुठलीही दांडी या लाल गोलाच्या वर जायची नाही.

कुत्रं उडीवरून खाली येतं ते पुढच्या पायांवर. नुसतं उभं असतानाही त्याच्या वजनाचा सुमारे साठ टक्के भाग पुढचेच पाय पेलतात. उतरताना हे दोन पाय एकामागून एक टेकतात आणि मनगट इतकं मागे वाकतं की त्याच्या मागची छोटी गादी जवळजवळ जमिनीला लागते. मोठ्या, भरलेल्या कुत्र्याच्या स्नायूंना आणि बंधांना हे पेलतं. आठ महिन्यांच्या कुत्र्याची अडचण वेगळी आहे. त्याच्या लांब हाडांच्या टोकांशी अजून हाड झालेलंच नसतं. तिथे कूर्चेचा पातळ पट्टा असतो, डॉक्टर ज्याला ग्रोथ प्लेट म्हणतात. हाड लांबतं ते याच पट्ट्यातून. वाढ संपली की पट्टा हाडात मिसळून जातो, पण तोवर तो आजूबाजूच्या बंधांपेक्षा कमकुवत असतो. ज्या हिसक्याने मोठ्या कुत्र्याचा पाय मुरगळेल, त्याच हिसक्याने पिल्लाचा हा पट्टा दुखावतो.

कोथरूडला ज्यांच्या दवाखान्यात मिरचीचा दाखला आहे, त्या डॉक्टरांनी मला काचेवर एक जुनी फिल्म लावून दाखवली. कुत्र्याच्या पुढच्या पायात रेडियस आणि अल्ना ही दोन हाडं शेजारी शेजारी असतात आणि दोघांनी बरोबरीने वाढायचं असतं. अल्नाची बहुतेक वाढ मनगटाजवळच्या एकाच पट्ट्यातून होते, आणि तो पट्टा इतरांसारखा सपाट नसून शंकूच्या आकाराचा असतो. सपाट पट्ट्यावर आडवा हिसका बसला तर तो सरकतो. शंकूला सरकायला जागा नसते, म्हणून तो दोन्ही बाजूंनी चिरडला जातो. चिरडलेल्या पट्ट्यातून अल्नाची वाढ थांबते, शेजारचं रेडियस वाढत राहतं, आणि आखडलेली अल्ना धनुष्याच्या दोरीसारखी त्याला ओढून वाकवते. त्या फिल्ममधला पाय बाहेरच्या बाजूला फिरलेला होता. “गच्चीच्या कठड्यावरून उडी मारली होती,” डॉक्टर म्हणाले. “त्या दिवशीच्या एक्स-रेत काहीच दिसलं नाही. पाय वाकडा दिसायला तीन आठवडे गेले.”

म्हणून वाढत्या पिल्लाने जोरात उडी मारली किंवा ते पडलं आणि नंतर लंगडलं, तर पहिला एक्स-रे स्वच्छ आला तरी दोन-तीन आठवड्यांनी दुसरा काढावा, असं ते आवर्जून सांगतात. तोही दोन्ही पायांचा, म्हणजे दुखऱ्या पायाची चांगल्या पायाशी तुलना करता येते.

पट्टे मिटायचं वय सगळ्यांचं सारखं नसतं. लहान चणीच्या कुत्र्यांचे लवकर मिटतात, मध्यम कुत्र्यांचे साधारण वर्षाच्या आसपास, आणि ग्रेट डेनसारख्या राक्षसी जातींना दीड-दोन वर्षं लागू शकतात. मिरचीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती. तिची नसबंदी सहा महिन्यांची असतानाच झाली. पट्टे मिटवण्याचं काम लैंगिक संप्रेरकं करतात, ती लवकर बंद झाली की पट्टे जास्त काळ उघडे राहतात आणि पाय थोडे लांब होतात. त्यामुळे डॉक्टरांनी मिरचीसाठी पंधरावा महिना धरला आहे, आणि तोही एक्स-रेत दिसणारी पट्ट्याची काळी रेघ पुसली गेली असेल तरच.

श्रीखंडाचे डबे

दुकानात मिळणारा अॅजिलिटीचा संच या मंडळींनी घेतलेला नाही, आणि माझ्या मते तेच शहाणपण आहे. विकतच्या संचातल्या दांड्या उंच करायचा मोह फार होतो.

आजोबांनी सगळं सामान घराजवळच्या हार्डवेअरच्या दुकानातून आणलं. पाऊण इंची पीव्हीसी पाइप घेऊन त्याचे सव्वा मीटरचे तुकडे केले, टोकांना प्लास्टिकच्या टोप्या बसवल्या. टोपी नसेल तर कापलेली कड पंजाला ब्लेडसारखी लागते. पाइपांवर पिवळ्या आणि निळ्या टेपचे पट्टे आहेत. लाल टेप स्वस्त मिळत होती, पण कुत्र्यांना पिवळा आणि निळा रंग ओळखता येतो, लाल रंग हिरव्या गवतात त्यांना मातकटच दिसतो.

दांडी उचलायची वेळ येईल तेव्हासाठी आधार हवा होता. पहिल्यांदा आंघोळीचे मग उपडे ठेवून पाहिले, ते मिरचीच्या मनगटापेक्षा वर गेले. मग घरात साठलेले अर्धा किलो श्रीखंडाचे डबे कामाला आले. उपडा डबा आठ सेंटिमीटरच्या आसपास भरतो. बुडावर एम-सीलचे दोन उंचवटे करून मधे खाच ठेवली आहे, तीत पाइप नुसता ठेवायचा. बांधायचा नाही, चिकटवायचा नाही. पाय लागला की दांडी पडली पाहिजे, ही या सगळ्या सामानातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. घट्ट दांडीला पाय अडकला की कुत्रं तोंडावर पडतं. विटांवर काठी ठेवून केलेला अडथळा म्हणूनच ताई उचलून फेकून देतात. काठी पडली तरी विटेची धार तिथेच राहते.

बोगदा म्हणजे लहान मुलांचा खेळण्यातला कापडी बोगदा. तो लोळू नये म्हणून दोन्ही अंगांना वाळू भरलेल्या तांदळाच्या पिशव्या टेकवल्या आहेत, आणि आतून सुळसुळीत कापडावर पाय सरकू नये म्हणून काथ्याची लांब चटई घातली आहे. बोगदा सरळच ठेवायचा. वाकडा केला की कुत्रं आत वेग घेतं आणि वळणावर घसरतं. दवाने ओला झाला असेल तर त्या दिवशी बोगदा घडी करून गाडीत.

पुलाच्या जागी फूटभर रुंद, आठ फूट लांब फळी, तीही जमिनीवर. वर जुनी रबरी पायपुसणी कापून चिकटवलेली. ए-फ्रेम म्हणतात ते दोन उतारांचं छप्पर आणि मधोमध डुलणारी फळी हे स्पर्धेतले अडथळे इथे नाहीत. ते कुत्र्याचं वय होईपर्यंत कोणी घरी बनवू नयेत, असं ताईंचं म्हणणं आहे. उभ्या उतारावरून खाली येताना सगळा भार पुन्हा त्याच मनगटांवर आणि खांद्यांवर येतो.

मागचे पाय आपलेच आहेत, हे शिकणं

फळी जमिनीवर असेल तर तिच्यावर शिकायचं काय? पहिल्या अर्ध्या तासात मलाही तो प्रश्न पडला. मग मिरचीकडे नीट बघितलं.

फळीवर चढताना तिने पुढचे पाय नीट टाकले. मागचा डावा पाय फळीवर, उजवा गवतात. दोन पावलं तशीच गेली आणि मागचं अंग बाहेर घसरलं. कुत्र्याचे पुढचे पाय डोळ्यासमोर असतात, मागचे आपोआप येतात, ते कुठे पडतात याचा बहुतेक कुत्र्यांना पत्ता नसतो. उंच पुलावर हीच गोष्ट झाली तर कुत्रं खाली येतं. जमिनीवरच्या फळीवर झाली तर काही बिघडत नाही, पुन्हा करायचं.

मुलगी थांबली. तिने पनीर मिरचीच्या नाकासमोरून फळीच्या मधोमध, अगदी खाली नेलं. डोकं खाली गेलं, पाठ सैल झाली, आणि चारही पाय फळीवर आले. “हो!” असं एकदाच, तोंड भरून म्हणून तिने तुकडा दिला. बक्षीस कायम जमिनीजवळ मिळतं. हातात उंच धरलं तर कुत्रं मागच्या पायांवर उभं राहतं किंवा उडी मारतं, आणि टाळायचं होतं तेच होऊन बसतं.

फळीच्या शेवटी तिला थांबायला शिकवलं जातं, पुढचे दोन पाय जमिनीवर आणि मागचे दोन फळीवर. पुढे स्पर्धेत उतारावरून येताना ठरावीक रंगीत पट्ट्यात पाय पडावा लागतो, त्याची ही तयारी. उतारावर हीच सवय लावली तर पुढच्या पायांना धक्का बसतो. सपाट फळीवर काहीच त्रास नाही, आणि मेंदूत मात्र तीच गोष्ट बसते.

पाइपांमधलं अंतरही मापून घेतलं आहे. चालण्याच्या पाइपांत साधारण कुत्र्याच्या खांद्याइतकं, म्हणजे मिरचीसाठी ४५ ते ५० सेंटिमीटर. याहून कमी ठेवलं तर ती दोन पाइप एकदम ओलांडायला बघते, म्हणजे उडीच झाली. ती ओलांडू लागली की मुलगी ओरडत नाही, पाइप लांब सरकवते.

नागमोडी काठ्यांचं तर रूपच बदलून टाकलंय. स्पर्धेत काठ्या ६० सेंटिमीटर अंतराने एका ओळीत असतात, आणि कुत्रं प्रत्येक काठीला कणा डावी-उजवीकडे वाकवत जातं. इथे सहा नरम पाइप दोन ओळींत उभे केले आहेत, मधे हातभर रुंद गल्ली. मिरची त्या गल्लीतून सरळ जाते. वर्षाची होईपर्यंत गल्ली अरुंद करायची नाही. नंतरही दर काही आठवड्यांनी बोटभर.

पाच मिनिटं, आणि बास

एका कुत्र्याची पाळी किती वेळ चालते हे मी मोबाइलवर बघत होतो. आधी दोरीला धरून पाच मिनिटं साधं चालणं. मग पाइप, बोगदा आणि बादलीला वळसा. वळसा मोठा, दोन-तीन मीटरचा. बादलीला चिकटून गर्रकन वळलं तर पायाला पीळ बसतो. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, म्हणजे एकाच अंगावर भार पडत नाही. प्रत्येक गोष्ट चार-पाच वेळा. सगळं मिळून पाच मिनिटांच्या आत. मग पाणी, सावली, आणि दुसऱ्याची पाळी.

मिरचीला अजून करायचं होतं. ती दोरी ओढत होती. मला वाटलं, आणखी एकदा करू द्यायला काय हरकत आहे? ताईंचं उत्तर तयार होतं. तरुण कुत्रं दमलं तरी थांबत नाही, पाय मात्र आधी ढेपाळतात. शेवटच्या दोन फेऱ्यांतच पाय वेडावाकडा पडतो.

जमिनीकडेही त्यांचं लक्ष असतं. पावसाळ्यानंतरचं आखूड गवत सर्वांत चांगलं. सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकवर किंवा सिमेंटच्या पार्किंगमध्ये दांडी जमिनीवर असली तरी पळवायचं नाही. चिखलात नाही. घरातल्या गुळगुळीत फरशीवर तर चेंडूसुद्धा फेकायचा नाही. तिथे पाय फाकतात, आणि नख रोवायला काहीच मिळत नाही.

पाठीमागच्या दारातून येणाऱ्या उड्या

या मंडळींचं दांडीबद्दलचं इतकं काटेकोरपण बघून झाल्यावर मी त्यांना गाड्यांकडे जाताना पाहिलं, आणि एका मोठ्या गाडीच्या डिकीतून सात महिन्यांच्या लॅब्रॅडॉरने खाली उडी मारली. ताई धावल्याच.

मोठ्या गाडीची डिकी सहज दोन फुटांवर असते. पलंग दीड फुटाच्या आसपास. ज्या कुत्र्याला रविवारी आठ सेंटिमीटरची दांडीही मिळत नाही, ते घरी दिवसातून दहा वेळा पलंगावरून फरशीवर उतरतं. वर्गात आल्यावर पहिल्याच दिवशी पालकांना, हो, इथे पालकच म्हणतात, घरातल्या उड्यांची यादी करायला सांगतात. गाडीतून उचलून उतरवायचं. पलंगापाशी गादीचा उतार करायचा. चेंडू उंच फेकायचा नाही, जमिनीवरून सरपटत टाकायचा.

जिन्याचीही गोष्ट आहे. नॉर्वेमध्ये लॅब्रॅडॉर, न्यूफाउंडलंड, लिओनबर्गर आणि आयरिश वुल्फहाउंड या चार मोठ्या जातींच्या सुमारे पाचशे पिल्लांचा पाठपुरावा करून २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीन महिन्यांच्या आत रोज जिना चढ-उतार करणाऱ्या पिल्लांत खुब्याचा सांधा सैल असण्याचा दोष जास्त आढळला. त्याच वयात मोकळ्या मऊ जमिनीवर दोरीशिवाय बागडणाऱ्या पिल्लांत तो कमी आढळला. म्हणजे पिल्लाला कोंडून ठेवा असं कोणी म्हणत नाही. त्याच्या मनाप्रमाणे बागडणं चांगलंच. आपण ठरवून, तीच तीच, उंचावरून केलेली हालचाल त्रासाची.

त्या लॅब्रॅडॉरचं वजन तीस किलोच्या वर गेलं होतं. बरगड्या हाताला लागत नव्हत्या. त्याच्या जेवणात रोज दोन वेळा कॅल्शियमचं सिरप होतं, कारण “हाडं मजबूत व्हायला हवीत.” डॉक्टरांनी ते त्या दिवसापासून बंद केलं. पॅकेटमधलं पिल्लांचं अन्न खाणाऱ्या कुत्र्याला वरून कॅल्शियम लागत नाही. लहान पिल्लाचं आतडं जादा कॅल्शियम अडवू शकत नाही, ते रक्तात जातं आणि कूर्चेचं हाड होण्याची क्रियाच बिघडते, मोठ्या जातींत तर जास्तच. वजनाबद्दलही पुरावा आहे. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉरांवर आयुष्यभर चाललेल्या प्रयोगात जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी अन्न दिलं गेलं. कमी खाणारे सरासरी जवळजवळ दोन वर्षं जास्त जगले आणि त्यांचे सांधे उशिरा दुखू लागले.

डोकं वर, डोकं खाली

दुसऱ्या एका रविवारी त्याच लॅब्रॅडॉरच्या पाळीला ताईंनी मला मोबाइलवर संथ गतीचं चित्रण करायला सांगितलं. साध्या डोळ्याला तो छान पळताना दिसत होता. चित्रणात दिसलं की मागचे दोन्ही पाय सशासारखे एकत्र उचलतोय. त्यांनी पाळी तिथेच थांबवली.

घरी काय बघायचं हे त्या साध्या शब्दांत सांगतात. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना कुत्रं डोकं वर उचलतं आणि चांगला पाय टेकताना खाली आणतं. मागचे पाय दुखत असतील तर ते एकत्र उड्या घेतात, किंवा बसताना एक पाय बाजूला फेकलेला राहतो. झोपून उठल्यावर पहिली दहा पावलं अवघडलेली पडतात. मनगट सारखं चाटतं. काल आनंदाने ओलांडलेल्या पाइपापाशी आज थबकतं, आणि नेमकं हेच ‘हट्ट’ म्हणून खपवलं जातं. एका दिवसात लंगडणं थांबलं नाही तर डॉक्टर. आणि घरातली आपली आयब्युप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल कधीच नाही, ती कुत्र्याला विषासारखी बाधू शकतात.

लॅब्रॅडॉरचा भूल देऊन खुब्याचा एक्स-रे झाला. डावा सांधा सैल निघाला. त्याच्या घरच्यांना वाईट वाटलं, पण वर्ग बंद झाला नाही. त्याच्या वाट्याचे पाइप कायमचे जमिनीवरच राहतील, बोगदा राहील, चालण्याचं आणि पोहण्याचं प्रमाण डॉक्टर ठरवतील. उडी मात्र नाही, पुढेही नाही.

मिरचीचं पुढचं वर्ष आजोबांच्या वहीत लिहिलेलं आहे. पंधराव्या महिन्यात दोन्ही मनगटांचा एक्स-रे. काळी रेघ गेली असेल तर दांडी पहिल्यांदा श्रीखंडाच्या डब्यावर, एका वेळी फक्त एक. दोन दांड्या लागोपाठ लावायच्या असतील तर मधे चार-पाच मीटर, म्हणजे उतरून सावरायला जागा मिळते. त्यानंतर दर दोन-तीन आठवड्यांनी पाच सेंटिमीटर, तेही आधीच्या उंचीवर ती दांडी न पाडता सहज जात असेल तरच, आणि तिच्या कोपराशी, २६ सेंटिमीटरवर, मुक्काम. स्पर्धेत या चणीच्या कुत्र्याला ६० सेंटिमीटरपर्यंत उडी घ्यावी लागते, आणि युरोपातल्या स्पर्धांत दीड वर्षाच्या आत उतरूच देत नाहीत.

“स्पर्धेला नेणार का?” मी मुलीला विचारलं.

“ते नंतर बघू. आत्ता तिचा मागचा उजवा पाय फळीवर राहू दे,” ती म्हणाली आणि पनीरचा डबा उघडत पुन्हा फळीकडे गेली, कारण लॅब्रॅडॉरची पाळी संपली होती.